स्क्रीनवरचा भाव आणि हातात पडलेला भाव वेगळा का?

प्रश्न: माझ्याकडे एका लहान कंपनीचे ५०० शेअर होते. ॲपवर भाव १८२ रुपये दिसत होता म्हणून मार्केट ऑर्डर टाकून सगळे विकले. सरासरी १७८.३६ मिळाले! मधल्या मध्ये १,८२० रुपये कोणी खाल्ले? आणि मुळात हा भाव ठरवतो कोण?

उत्तर:

कोणी खाल्ले नाहीत. ते तुमच्या शेअरच्या खरेदीदारांकडेच राहिले, आणि त्यांनी काही लबाडीही केलेली नाही. मी नाशिकला एका दलाल पेढीत बारा-तेरा वर्षं टर्मिनलवर बसलो. फोनवरून "बाजारभावाने काढून टाका" म्हणणारे काका संध्याकाळी नेमका हाच प्रश्न विचारायचे.

१८२ हा आकडा म्हणजे शेवटचा झालेला सौदा. ॲपवर त्याला LTP म्हणतात. कदाचित चार मिनिटांपूर्वी कोणीतरी दहा शेअर १८२ ला घेतले असतील, तेवढाच त्याचा अर्थ. लासलगावचा कालचा कांद्याचा भाव पेपरात वाचून आज ट्रॉली घेऊन गेलं, तर तोच भाव मिळेल असं कोणी धरत नाही. शेअरच्या बाबतीत मात्र आपण तसं धरून चालतो, कारण आकडा स्क्रीनवर लुकलुकत असतो आणि ताजा वाटतो.

खरा बाजार त्या आकड्याच्या खाली असतो, मार्केट डेप्थमध्ये. डाव्या हाताला घेणारे, उजव्या हाताला विकणारे, दोन्हीकडचे सर्वात चांगले पाच-पाच भाव. तुमच्या क्षणाचा डेप्थ माझ्यासमोर नाही, पण १७८.३६ सरासरी यायची तर घेणाऱ्यांची बाजू साधारण अशी असावी: १८१.५० ला ४० शेअर, १८०.८० ला १००, १७९ ला ६०, १७७.५० ला २०० आणि १७६ ला ३५०. आणि विकणाऱ्यांच्या बाजूला सर्वात स्वस्त होता १८२ वाला. म्हणजे १८२ हा घेणाऱ्यांचा भाव नव्हताच. तो तुमच्यासारख्याच एका विकणाऱ्याने मागितलेला भाव होता.

आता मशिनने काय केलं ते पाहू. मार्केट ऑर्डर म्हणजे "भाव कुठलाही चालेल, पण आत्ता". मशीन सर्वात जास्त भाव देणाऱ्यापासून सुरुवात करतं. ४० शेअर १८१.५० ला गेले, मग १०० शेअर १८०.८० ला, ६० शेअर १७९ ला, २०० शेअर १७७.५० ला. उरलेले १०० शेअर १७६ वाल्याने घेतले. एकूण ८९,१८० रुपये, भागिले ५००, बरोबर १७८.३६. पापणी लवायच्या आत तुम्ही पाच पायऱ्या उतरलात.

या पायऱ्यांवर कोण पुढे, कोण मागे याचे नियम दोनच आहेत. आधी भाव: जास्त देणारा पुढे, किंवा विकणाऱ्यांत कमी मागणारा पुढे. भाव सारखा असेल तर वेळ: ज्याची ऑर्डर आधी आली तो पुढे. पाच शेअरवाला आणि पाच लाख शेअरवाला यांत इथे फरक नाही. ऑर्डर टाकल्यावर भाव बदललात किंवा संख्या वाढवलीत तर मात्र रांगेतली जागा जाते आणि तुम्ही शेवटी उभे राहता. सारखी ऑर्डर कुरवाळत बसणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना खरी वाटत नाही. सौदा होतो तो आधीपासून रांगेत उभ्या असलेल्याच्या भावाने. समजा विकणारा १८२ ला उभा आहे आणि तुम्ही १८५ ची खरेदीची ऑर्डर टाकलीत, तर तुम्हाला १८२ लाच मिळेल, त्याच्याकडे पुरेसा माल असेपर्यंत. १८५ ही तुमची मर्यादा आहे, बोली नव्हे.

पूर्वी हे सगळं माणसं करायची. मुंबईच्या शेअर बाजाराच्या रिंगणात गर्दीत उभं राहून ओरडून सौदे व्हायचे. तिथे तरावणीवाले असत, म्हणजे एकाच शेअरचा घेण्याचा आणि विकण्याचा असे दोन्ही भाव सांगून मधला फरक कमावणारे. १९९४ मध्ये एनएसई संगणकावर सुरू झाला आणि १९९५ मध्ये बीएसईनेही 'बोल्ट' आणून रिंगण बंद केलं. ओरडा गेला, पण दोन भावांमधली फट तशीच राहिली. रिलायन्ससारख्या शेअरमध्ये ती काही पैशांची असते, तुमच्या शेअरमध्ये पन्नास पैसे आणि त्याखाली विरळ पायऱ्या.

सकाळी ९ वाजता मात्र हे रांगेचं गणित बाजूला ठेवतात. बाजार ९.१५ ला उघडतो, पण त्याआधी थोडा वेळ ऑर्डरी नुसत्या गोळा होतात आणि मग असा एकच भाव काढला जातो, ज्याला सर्वात जास्त शेअर हातबदल करतील. समजा घेणारे आहेत १९० पर्यंत ३००, १८६ पर्यंत २०० आणि १८३ पर्यंत ४०० शेअरचे. विकणारे आहेत १८२ पासून १००, १८६ पासून ४०० आणि १८८ पासून २०० शेअरचे. १८३ ला घेणारे ९०० आहेत, पण विकणारे १००च, म्हणून १००चा सौदा. १८८ ला उलट, विकणारे ७०० पण घेणारे ३००च. १८६ ला दोन्हीकडे ५००. म्हणून भाव १८६, आणि तो सगळ्यांना. १९० लिहिणाराही १८६च देतो, १८२ ला विकायला तयार असणाऱ्यालाही १८६च मिळतात. रात्री काही बातमी आली की सकाळी शेअर काल जिथे बंद झाला तिथे न उघडता उडी मारून उघडतो, तो असा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, भाव ठरवतो कोण. एक्स्चेंज ठरवत नाही, ते फक्त जोड्या लावतं. कंपनी तर नाहीच. तुमच्या या विक्रीतला एक रुपयाही कंपनीकडे गेला नाही, तिला पैसे मिळाले ते आयपीओच्या वेळी. भाव ठरतो तो त्या क्षणी सर्वात उतावीळ असलेल्या दोन माणसांत. कंपनीचे समजा दोन कोटी शेअर आहेत. त्यातले बहुतेक कोणाच्या तरी डिमॅटमध्ये निवांत पडलेत, त्यांच्या मालकांना १८२ ला विकायचं नाही आणि १७६ लाही नाही. त्यांचं मत डेप्थमध्ये कुठेच दिसत नाही. दिसतात ते काठावरचे काहीशे शेअर.

याची गंमत बघा. तुमचा शेवटचा सौदा १७६ ला झाला, म्हणजे LTP आता १७६. दोन कोटी शेअर गुणिले १८२ म्हणजे ३६४ कोटी बाजारमूल्य होतं, ते ३५२ कोटी झालं. बारा कोटी 'बुडाले', आणि प्रत्यक्षात हातबदल झाला तो नव्वद हजारांहूनही कमी रुपयांचा. पुढच्या मिनिटाला कोणी एक शेअर १८२ ला घेतला की ते बारा कोटी परत! म्हणून "गुंतवणूकदारांचे अमुक लाख कोटी बुडाले" असा मथळा आला की मी सरळ पुढची बातमी वाचतो. सगळ्यांनी एकदम विकायला काढलं असतं तर तो भाव कोणालाच मिळाला नसता.

मग भावाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण सैल. त्या कंपनीचा वर्षाचा नफा १८ कोटी असेल तर दर शेअरमागे नऊ रुपये पडतात, आणि १८२ देणारा त्याच्या वीसपट मोजतोय. हा नफा वाढेल असं त्याला वाटतं, विकणाऱ्याला तेवढं वाटत नाही किंवा त्याला घराचा हप्ता भरायचाय. दोघांचं मत वेगळं आहे म्हणून तर सौदा झाला. भाव फारच खाली गेला की हिशोब करून बसलेले लोक डेप्थमध्ये येतात, फार वर गेला की डिमॅटमध्ये निवांत पडलेला माल बाहेर येतो. त्यामुळे वर्षांच्या मापात भाव नफ्याच्या आसपास फिरतो. मिनिटांच्या मापात तो फक्त पायऱ्या किती भरलेल्या आहेत हे सांगतो.

मोठ्या शेअरनाही पायऱ्या संपण्याचा धोका असतो. ५ ऑक्टोबर २०१२ ला सकाळी एका दलाल पेढीकडून साडेसहाशे कोटींच्या आसपासच्या विक्रीच्या ऑर्डरी चुकून गेल्या. निफ्टी बघता बघता जवळजवळ ९०० अंक कोसळला, व्यवहार काही मिनिटं थांबवावे लागले. त्या सकाळी देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या धंद्यात काहीही बदललं नव्हतं. मशीन इमानेइतबारे एकेक पायरी उतरत गेलं, इतकंच.

उलटी अवस्था सर्किटची. शेअर लोअर सर्किटला, म्हणजे त्या दिवशी ज्याच्या खाली जाऊच देत नाहीत अशा भावाला, अडकला की भाव दिसतो, पण घेणाऱ्यांची बाजू कोरी असते. तिथे LTP ही निव्वळ आठवण असते.

तर पुढच्या वेळी विकताना आधी डेप्थ उघडा आणि तुमची संख्या कितव्या पायरीपर्यंत जाते ते मोजा. तुम्ही १८० ची लिमिट, म्हणजे याखाली विकायचं नाही अशी अट, लावली असती तर १४० शेअर लगेच गेले असते, २५,३४० रुपयांना, आणि उरलेले ३६० विक्रीच्या रांगेत १८० ला सर्वात पुढे उभे राहिले असते. ते गेलेच असते असं नाही, भाव खाली निघून गेला असता तर तसेच राहिले असते. हा धोका तुम्ही पत्करायचा की १,८२० रुपये द्यायचे, हा सौदा तुमचा तुमच्याशी. आणखी एक, एनएसई आणि बीएसईच्या रांगा वेगवेगळ्या असतात. लहान शेअरमध्ये एकीकडे पायऱ्या भरलेल्या आणि दुसरीकडे ओस असं सर्रास दिसतं, म्हणून ऑर्डर कुठल्या एक्स्चेंजला जातेय ते बघून घ्या.

दलालावर संशय उरलाच असेल तर ईमेलवर आलेली काँट्रॅक्ट नोट काढा. त्यात प्रत्येक सौद्याचा क्रमांक, वेळ, संख्या आणि भाव असतो. पाचपेक्षा जास्त ओळी दिसल्या तर दचकू नका, एकाच पायरीवर चार-पाच माणसं उभी असतात. वेळेच्या क्रमाने भाव उतरता असेल आणि वेळ एकाच सेकंदातली असेल तर सगळं ठीक आहे. हेच सौदे एक्स्चेंजच्या वेबसाइटवर सौदा क्रमांक टाकून पडताळताही येतात. तिथे जुळले नाहीत, तर मग फोन करून भांडा.