पुशचा हिशोब सोड, खरा खर्च एसएमएसच्या तुकड्यांत आहे

गिऱ्हाइकांना ऑर्डरीच्या सूचना पाठवायचा महिन्याचा खर्च शीटमध्ये मांडायचा आहे ना? ॲपमधून फोनवर येणारं पुश गूगलच्या एफसीएम सेवेवरून फुकट जातं, त्यामुळे तिथे शून्य टाक आणि थेट एसएमएसवर ये. समजा, म्हापशातून महिन्याला 2000 मासळीच्या ऑर्डरी आणि प्रत्येकीला तीन मेसेज, म्हणजे 6000. पण बिल मेसेजवर नाही, लांब मेसेज ज्या तुकड्यांत तुटतो त्या तुकड्यांवर लागतं. 150 अक्षरांचा साधा इंग्रजी मेसेज एका तुकड्यात बसतो (मर्यादा 160). तेवढाच मराठीत लिहिलास की युनिकोड लागतो, मर्यादा 70 वर येते, आणि लांब मेसेजचा प्रत्येक तुकडा 67 चा. झाले तीन! काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. तुकड्याला 20 पैसे दर धरला तर 1200 चे 3600 रुपये.

गंमत म्हणजे इंग्रजी मेसेजात एक ₹ टाकलास तरी हेच होतं. Rs लिही. बिलातले तुकडे पाठवलेल्या मेसेजांच्या दुप्पट-तिप्पट दिसले, तर आधी टेम्प्लेटमध्ये, म्हणजे मेसेजच्या ठरलेल्या मसुद्यात, असलं चिन्ह शोध.

व्हॉट्सॲपला अख्ख्या संभाषणामागे एकदाच लागणारा जुना दर लावू नकोस. जुलै 2025 पासून पैसे प्रत्येक टेम्प्लेट मेसेजला लागतात. मात्र गिऱ्हाइकाने स्वतः मेसेज केल्यापासून 24 तासांत युटिलिटी टेम्प्लेट, म्हणजे ऑर्डरीची खबर देणारा मेसेज, फुकट. म्हणून ऑर्डर व्हॉट्सॲपवर येत असेल, तर 'माल निघाला' तिथेच कळव, एसएमएस वाचतो.