ओलं करायचं ते अंग, खोली नव्हे

प्रश्न: आम्ही कोल्हापुरात राहतो, घरी एसी नाही. आजी ८१ वर्षांची आहे, वरच्या मजल्यावर झोपते. ओले पडदे आणि पंखा यांवर उन्हाळा निघेल का?

उत्तर: आधी आजींची कॉट खाली आणा. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळनंतरही उष्णता सोडत राहतो, त्यामुळे बाहेर वारं सुटलं तरी वरची खोली भट्टीच असते. आमच्या आईला आम्ही मार्चअखेरीसच मधल्या खोलीत हलवतो. उन्हाच्या बाजूच्या खिडक्यांना बाहेरून जुनी चटई टांगायची, कारण काचेतून आत आलेलं ऊन पडद्याने परत जात नाही. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं सताड उघडायचं.

ओल्या पडद्यांनी मात्र मी एकदा फसलोय. आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेला होता, हवा दमट. मी खिडक्या लावल्या, दोन ओल्या चादरी टांगल्या आणि पंखा फुल्ल. तीनच्या सुमारास आई मला मामाच्या नावाने हाक मारायला लागली. अंग तापलेलं. १०८ ला फोन केला, आणि गाडी येईपर्यंत समोरासमोरची दारं उघडून तिला ओल्या फडक्याने पुसत पंख्याखाली ठेवलं. सुदैवाने निभावलं.

चूक अशी, की चादरींचं पाणी त्या कोंडलेल्या हवेतच साठत गेलं. पाणी कातडीवरून वाळतं तेव्हाच शरीरातली उष्णता निघते, आणि दमट हवेत ते नीट वाळत नाही. त्यात म्हाताऱ्या माणसांना घामच कमी येतो, म्हणजे कोरड्या अंगावर पंख्याला वाळवायलाच काही नसतं. चाळिशीच्या आसपास पारा गेला की असा पंखा उलट गरम वाराच अंगावर फेकतो.

म्हणून आता मी जुनेराचे चार तुकडे नळाच्या पाण्यात भिजवतो. बर्फ लागत नाही. अर्धवट पिळून मान, दंड, हात, पोटऱ्या पुसायच्या, पाण्याचा पातळ थर राहील इतपत. फडकं अंगावर तसंच पडू द्यायचं नाही, ते थोड्या वेळात कोमट होतं आणि खालची कातडी झाकून ठेवतं. टेबलफॅन अंगावर, समोरचं दार उघडं. दुपारी दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पुसायचं. लाईट गेली तर हातपंखाही चालतो. कॉटजवळची फरशी तेवढी कोरडी ठेवा. आमची एकदा घसरता घसरता वाचली!

तहान लागली असं त्या स्वतः सांगतील यावर विसंबू नका, थोडं थोडं पाणी तुम्हीच द्या. लघवी होण्याची गोळी चालू असेल किंवा हृदयाचा, किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. अंग तापलंय आणि बोलणं असंबद्ध झालंय, किंवा उठवून उठत नाहीत, असं दिसलं तर घाम येतोय की नाही हे बघत बसू नका, लगेच १०८. तोवर अंग भिजवत राहायचं, पण शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.