वय वाढलं की नवी भाषा येतच नाही का?

माझं वय ३८, आता नवी भाषा शिकायला उशीर झालाय का? क्रिटिकल पिरियड म्हणतात ते खरंय का?

उशीर नाही झालेला. भाषाशास्त्रज्ञ एरिक लेनेबर्गने १९६७ मध्ये ही थिअरी मांडली ती मुख्यतः पहिल्या भाषेबद्दल, म्हणजे वयात येईपर्यंत कुठलीच भाषा कानावर पडली नाही तर पुढे ती नीट येत नाही असं. तुम्हाला एक भाषा येतेच की!

दुसऱ्या भाषेत वयाचा खरा फटका बसतो तो उच्चारांना. जपानीत र आणि ल असा फरक नाही, त्यामुळे तिथल्या मोठ्या माणसांना इंग्रजीतले 'राइट' आणि 'लाइट' जवळपास सारखेच ऐकू येतात, आणि हे कान बाळ वर्षाचं व्हायच्या आतच आपल्या भाषेपुरते ट्यून व्हायला लागलेले असतात. पण अशाच लोकांना वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात अशा शब्दांच्या जोड्या ऐकवल्या, प्रत्येक वेळी दोनातला कुठला शब्द ते ओळखायला लावून बरोबर की चूक लगेच सांगितलं, तर काही आठवड्यांत ओळखणं सुधारलं, अगदी नव्या आवाजातही. एकाच शिक्षकाचा आवाज ऐकत बसलात तर मात्र तेवढाच आवाज कळतो. शब्द आणि व्याकरणाचे नियम तर सुरुवातीला मोठी माणसं लहान मुलांपेक्षा पटकन उचलतात, मुलं पुढे जातात ती नंतर. अॅक्सेंट थोडा राहील बहुतेक, राहू दे.