निरोपाची वेळ आणि घटनेची वेळ

‘बाबा पडले त्या दिवशी आम्हा भावंडांच्या ग्रुपवर दीडशेहून अधिक मेसेज आले. इतकी मोठी बातमी वाचूनही दादाने फक्त “ठीक आहे” लिहिले. सगळे क्रमाने लिहून काढायला बसते, पण दुसऱ्याच ओळीत तक्रार सुरू होते. काय करू?’

या ताईंच्या संमतीने, तपशील बदलून, आम्ही केलेले काम सांगतो. आम्ही चॅट एक्सपोर्ट करून तिची प्रत समोर ठेवली आणि प्रत्येक मेसेजपुढे दोन वेळा लिहिल्या: निरोप पाठवल्याची आणि त्यात सांगितलेली गोष्ट घडल्याची. फोन दाखवतो ती पहिलीच. क्रम मात्र दुसरीने लावायचा असतो. धाकट्या बहिणीचा मेसेज ९.४० चा होता, पण ‘सातच्या सुमारास बाबा पडले’ असे त्यातच लिहिले होते, म्हणून ती नोंद सर्वांत वर गेली.

मग उत्तरे आपापल्या प्रश्नांशी जोडली. दादाचे ‘ठीक आहे’ ९.४१ चे, बातमीच्या लगेच खाली होते. एक्सपोर्ट केलेल्या मजकुरात कोणता मेसेज कोणाला उद्देशून आहे हे दिसत नाही, म्हणून मी त्यांना मूळ चॅट उघडायला सांगितली. तिथे त्या दोन शब्दांच्या वर, उत्तराच्याच चौकटीत, ताईंचाच ९.३६ चा प्रश्न दिसत होता: ‘येताना बाबांच्या गोळ्या आणशील का?’ ताई बराच वेळ गप्प होत्या.

एवढ्यावरून दादाने बातमी वाचली होती की नाही, हे सिद्ध होत नव्हते. ग्रुपबाहेर जे घडते ते चॅटमध्ये येत नाही, म्हणून ताईंनी धाकटीकडून तिच्या फोनची कॉल-नोंद मागवली. त्यानंतर त्यांनी विशेषणे टाळून, प्रत्येक घटना एकदाच सांगून, पुढील परिच्छेद लिहिला:

‘सातच्या सुमारास बाबा न्हाणीघरात पडले. ९.३६ ला मी दादाला गोळ्यांविषयी विचारले. ९.४० ला धाकटीने बाबा पडल्याचे कळवले. ९.४१ ला दादाने गोळ्या आणण्यास होकार दिला आणि ९.४४ ला धाकटीला फोन केला. तो अकरा मिनिटे चालला. त्या फोनवर काय बोलणे झाले, हे मला ठाऊक नाही.’

शेवटचे वाक्य खोडावे असे त्यांना वाटत होते. मी ते ठेवण्याचा आग्रह धरला, कारण तिथे अंदाज लिहिला असता तर तक्रार पुन्हा तिथूनच आत शिरली असती.

परिच्छेद वाचताना सात आणि ९.४० यांमधले जवळजवळ पावणेतीन तास त्यांना प्रथमच दिसले. त्याविषयी एकही मेसेज नव्हता. तो प्रश्न ग्रुपवर न टाकता धाकटीला प्रत्यक्ष भेटून विचारायचा, असे त्यांनी ठरवले.