मालकांचा स्क्रीनशॉट आणि बायकोच्या फोनमधले फोटो

प्रश्न: मॅडम, घोडबंदर रोडवरचा भाड्याचा फ्लॅट आम्ही ३० मार्च २०२५ ला सोडला. मालक दीड लाख डिपॉझिट परत देत नाहीत, किचन ट्रॉली आणि बाथरूमच्या टाइल्स तुम्ही फोडल्या म्हणतात. त्यांच्या वकिलाच्या नोटिशीला एका चॅटचा स्क्रीनशॉट जोडलाय. त्यात ‘नुकसानीचे पैसे डिपॉझिटमधून कापून घ्या’ असं मी लिहिलेलं दिसतं. मी तसं लिहिलेलं नाही. मी नंतर फोन बदलला, जुनं चॅट नव्या फोनवर आलं नाही. चावी देताना काढलेले फोटोही गेले, फक्त बायकोला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले उरलेत. फॉरेन्सिकला दिलं तर स्क्रीनशॉट खोटा ठरेल ना?

उत्तर: नुसता स्क्रीनशॉट दिलात तर बहुधा नाही. उलट ‘चित्रात फेरफार आढळला नाही’ असा अहवाल आला, तर मालकांचे वकील तो तुमच्याच विरुद्ध नाचवतील. म्हणून आधी हे कसं होतं ते समजून घ्या.

कॅमेऱ्याने फोटो काढला की फाइलच्या पोटात नोंदी बसतात: काढल्याची तारीख-वेळ, फोनचं मॉडेल, लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा. यालाच मेटाडेटा म्हणतात. स्क्रीनशॉट ही मात्र त्या क्षणी पडद्यावर जे दिसलं त्याची नवी फाइल असते. तिच्यावर तारीख असते ती स्क्रीनशॉट घेतल्याची, मेसेज पाठवल्याची नव्हे. मेसेज कोणत्या नंबरवरून आला, कधी पोहोचला, नंतर एडिट झाला का, या नोंदी मालकांच्या फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये राहतात. चित्रात त्यातलं काही उतरत नाही. शिवाय तुमच्या हातात आहे तो कागदावरचा प्रिंट, म्हणजे फाइलही नाही. झेरॉक्स पुढे करून शाई किती जुनी ते सांगा म्हणण्यासारखं आहे हे.

आता तो प्रिंट नीट पाहा. वर तुमचं नाव दिसतं की नंबर? नाव दिसत असेल तर ते मालकांनी आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव आहे. घरातल्या दुसऱ्या एखाद्या नंबराला तुमचं नाव देऊन, तुमचाच डीपी लावून हवा तो मजकूर मागवता येतो. तुमचं खरं वाक्य ठेवून त्याच्या आधीचे दोन मेसेज ‘डिलीट फॉर मी’ करूनही अर्थ फिरवता येतो. दोन्ही वेळा लबाडी स्क्रीनशॉटच्या आधी होते आणि चित्र अगदी अस्सल निघतं. तज्ज्ञाने पिक्सेल कितीही तपासले तरी तिथे सापडण्यासारखं काही नसतं. ‘चित्रात छेडछाड नाही’ आणि ‘मेसेज खरा आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि उलटतपासणीत हाच फरक आपल्याला वदवून घ्यायचा आहे.

म्हणून मागणी करायची ती मालकांच्या फोनची. नोटिशीच्या उत्तरात हा मेसेज पाठवल्याचं स्पष्ट शब्दांत नाकारा. ज्या फोनवर ते चॅट आहे तो जसाच्या तसा जपून ठेवा, चॅट पुसू नका, फोन रीसेट करू नका, असंही त्यांना लेखी कळवा. दावा लागला की फोन हजर करण्यासाठी आणि गरज पडल्यास तज्ज्ञाकडून तपासणीसाठी कोर्टाकडे अर्ज करता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर २६ नियम १०-अ मध्ये, शास्त्रीय तपासणीसाठी कमिशनर नेमण्याची सोय आहे. एवढं लेखी मागूनही फोन आलाच नाही, तर त्यांच्याविरुद्ध अनुमान काढा असं कोर्टाला सांगायला आपल्याला जागा राहते.

दुसरी बाजू प्रमाणपत्राची. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. फोन कोर्टात न आणता त्यातल्या मजकुराचा प्रिंट पुरावा म्हणून द्यायचा, तर कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग ‘अ’ पक्षकाराने आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारी अक्षर-आकड्यांची ओळखखूण, येते. जुन्या कायद्याखालीही असं प्रमाणपत्र आवश्यक आहे, हे जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं होतं. पण हॅशला भुलू नका. हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढंच ती सांगते. खोट्या स्क्रीनशॉटचीही हॅश निघते, आणि रोज तीच निघते.

आता तुमचे फोटो, कारण हाच नियम तुम्हालाही लागू आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की त्याच्या पोटातली कॅमेऱ्याची नोंद निघून जाते आणि फोटो दाबून लहान होतो. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो १६०० बाय १२०० च्या आसपास येतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरचा जो बारीक ठसा मूळ फोटोत असतो तोही पुसट होतो. त्यामुळे हा फोटो तुमच्याच जुन्या फोनने काढला, असं तज्ज्ञ छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

बायकोच्या फोनमध्ये, तो अँड्रॉइड असेल तर, फाइलचं नाव IMG-20250330-WA0014.jpg असं काहीतरी असेल. ती तारीख फोटो त्या फोनवर आल्याची आहे, काढल्याची नव्हे. तरी आपल्या कामाची आहे: फोटो त्यानंतर काढलेला नाही एवढं तरी तिच्यावरून म्हणता येतं. मात्र तेच फोटो आज तुम्ही मला फॉरवर्ड केलेत, तर माझ्या फोनमध्ये नावावर आजची तारीख पडेल. समोरचा वकील तेवढ्यावरच अर्धा तास खाईल. तेव्हा फॉरवर्ड करू नका. ते चॅट बायकोच्या फोनमध्ये तसंच राहू द्या, ‘डिसॅपियरिंग मेसेजेस’ चालू नाही ना ते आजच पाहा. मला फाइल पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तशी ती जशीच्या तशी येते, पण आधीच गळालेली नोंद त्याने परत येत नाही.

मूळ फोटो अजून असू शकतात. जुन्या फोनवर गुगल फोटोजचा बॅकअप चालू होता का? त्याच जीमेलने उघडून ३० मार्चला जा, एकेका फोटोचा तपशील पाहा. तिथे फोनचं मॉडेल आणि वेळ दिसली तर आपलं काम बरंच हलकं झालं. (मेटाडेटाही बदलता येतो, म्हणून त्याला ब्रह्मवाक्य समजू नका.) जुना हँडसेट कपाटात पडला असेल तर त्यावर व्हॉट्सअ‍ॅप काढून परत टाकायचा उद्योग करू नका. फोन बंद ठेवा आणि तसाच घेऊन या. नव्या फोनवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही तूर्त थांबवा. नवा बॅकअप जुन्याच्या जागी बसतो आणि त्याबरोबर तुमची बाजू दाखवणारं चॅटही जाऊ शकतं.

फोर्जरीची पोलीस तक्रार करायची घाई मात्र करू नका. मालकांचा फोन पाहिल्याशिवाय तो स्क्रीनशॉट बनावट आहे की अर्धवट, हे आपल्यालाच ठाऊक नाही. तोवर दुसरं काम करा. सोसायटीने सामान बाहेर न्यायला दिलेला गेटपास, चावी घेताना हजर असलेला ब्रोकर, ट्रॉली-टाइल्सच्या दुरुस्तीची मालकांनी अजून न दाखवलेली बिलं, हे सगळं टिपून ठेवा. नुकसान झालं आणि ते इतक्या रुपयांचं झालं, हे त्यांनी सिद्ध करायचं आहे.

नोटिशीतली मुदत संपायच्या आत नोटीस, करारनामा आणि बायकोचा फोन घेऊन या. वहिनींनाही सोबत आणा. फोटो त्यांच्या फोनमधून यायचे आहेत, तेव्हा प्रमाणपत्रावर सही त्यांची लागेल आणि साक्षीलाही त्यांनाच उभं राहावं लागेल.