रिपोर्ट आबांनी आधी वाचला, डॉक्टरांनी नंतर

"ताई, चक्कर येते म्हणून मेंदूचा एमआरआय केला. रिपोर्ट मोबाईलवर आला, रात्री पोराकडनं वाचून घेतला. त्यात मेंदू अनरिमार्केबल लिहिलंय, मोबाईल म्हणतो उल्लेखनीय नाही. खाली नो अक्यूट अ‍ॅबनॉर्मॅलिटी, म्हणजे अक्यूट नाही तर जुनं काहीतरी आहे असंच ना? आणि सगळ्यात शेवटी क्लिनिकल कोरिलेशन अ‍ॅडव्हाइज्ड. त्यांना शंका आलीय पण तोंडावर सांगायचं नाही, असंच दिसतंय मला. खरं काय ते सांगा, मी घाबरत नाही."

घाबरत नाही म्हणणारा माणूस किती घाबरलाय ते त्याच्या पिशवीवरून कळतं. आबांच्या पिशवीत रिपोर्टसोबत सातबाऱ्याचे उतारे पण होते, रात्रीतच धाकट्या भावाला फोन करून वाटणीचं बोलून झालं होतं. (आबा हे त्यांचं खरं नाव नाही, ओळख पटेल अशा दोनचार गोष्टीही बदलल्यात.) वय साठीच्या आत, तासगावकडे द्राक्षबाग, बीपीचं औषध काही वर्षांपासून सुरू. आमच्या मिरजेला पेशंट सांगली कोल्हापूरचेच काय कर्नाटकातूनही येतात, त्यामुळे ओपीडीत गर्दी मरणाची आणि डॉक्टरांची वेळ दुपारची होती. तोपर्यंत आबा माझ्यासमोर बसले. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, निदान मी सांगत नाही हे त्यांना आधीच सांगितलं, पण रिपोर्टची भाषा उलगडून दाखवता येते आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते कागदावर लिहून देता येतं, तेवढं केलं.

पहिलं काम म्हणजे शेवटच्या ओळीवरचं बोट काढून सगळ्यात वरच्या ओळीवर ठेवायचं. तिथे क्लिनिकल हिस्ट्री असं लिहिलेलं असतं. आबांच्या रिपोर्टमध्ये त्यापुढे एकच शब्द होता, गिडिनेस. बास. बीपी आहे हे नाही, चक्कर कधी येते हे नाही, किती वेळ राहते हे नाही. जे डॉक्टर एमआरआयची चित्रं बघून रिपोर्ट लिहितात, म्हणजे रेडिऑलॉजिस्ट, त्यांनी बहुतेक वेळा पेशंटला तपासलेलं नसतं. त्यांच्या हातात चित्रं आणि चिठ्ठीवरचे दोनतीन शब्द असतात. हे एकदा ध्यानात आलं की खालच्या ओळी वेगळ्या दिसायला लागतात.

आता अनरिमार्केबल. आबांच्या रिपोर्टमध्ये छोटा मेंदू, ब्रेनस्टेम, व्हेंट्रिकल्स या सगळ्यांपुढे हाच शब्द होता. अर्थ एवढाच की या भागात मुद्दाम लिहून ठेवावं असं काही दिसलं नाही. काही डॉक्टर नॉर्मल लिहितात, काही अनरिमार्केबल, सवयीचा भाग आहे. वयाप्रमाणे थोडाफार बदल असेल तरी हाच शब्द वापरतात. आबा म्हणाले, "मग सरळ चांगलं आहे लिवायला काय हुतं?" मलाही कधीकधी तसंच वाटतं, पण रिपोर्ट एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला असतो, पेशंटच्या मोबाईलवर तो आधी पोचतो हे अलीकडचं झालंय आणि भाषा मात्र जुनीच राहिलीय.

नो अक्यूट अ‍ॅबनॉर्मॅलिटी या ओळीवर मात्र जरा थांबावं लागतं कारण आबांनी काढलेला अर्थ अगदीच वेड्यासारखा नव्हता. अक्यूट म्हणजे ताजं, आत्ताचं, ज्याला लगेच काहीतरी करावं लागेल असं. चक्कर आलेल्या माणसाच्या मेंदूत तातडीचं बघायचं ते हे, की ताजा रक्तस्राव झालाय का, रक्ताची ताजी गाठ अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडलाय का, कुठे सूज येऊन दाब पडतोय का. एमआरआयमध्ये डिफ्युजन नावाची एक पद्धत असते, तिच्यात लकव्याचा ताजा झटका बहुतेक वेळा काही तासांतच पांढरा चमकतो आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत ती चमक ओसरते. आबांच्या चित्रात तशी चमक कुठेच नव्हती. म्हणजे ओळीचा अर्थ, तातडीचं काही दिसलं नाही. जुनं काही आहे का हा प्रश्न या ओळीने सोडवलेला नाही, जुनं आहे असं सांगितलेलंही नाही. ते वर फाइंडिंग्जमध्ये, म्हणजे चित्रात काय काय दिसलं ते लिहितात तिथे, वेगळं शोधावं लागतं.

आणि तिथे एक ओळ होती खरी. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात काही बारीक ठिपके, बहुधा क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस. पोराने इस्केमिक शब्द मोबाईलवर टाकला, समोर लकवा आला, आणि तिथून पुढे सातबारा. प्रत्यक्षात हे ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांवर वर्षानुवर्षं पडलेल्या ताणाच्या खुणा, वय वाढलं की बऱ्याच जणांत दिसतात, बीपी किंवा शुगर असेल तर जास्त. आबांना लकवा होऊन गेला असा त्याचा अर्थ नाही. पण दुर्लक्ष करायची ओळ पण नाही ती.

कोरिलेशनचा सल्ला याच ओळीला जोडून होता आणि हे मी आबांना पेनाने खूण करून दाखवलं. कारण हे वाक्य दोन ठिकाणी येतं. अनेक सेंटरवर प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी ते छापलेलंच असतं, हे एक मत आहे, क्लिनिकली जुळवून बघा वगैरे, ते सगळ्यांना सारखंच, त्यावरून रात्रीची झोप घालवू नये. पण एखाद्या विशिष्ट गोष्टीच्या पुढे लिहिलं असेल तर तिथे डॉक्टरला खरंच काहीतरी जुळवायचं असतं. आबांसारख्या बीपीवाल्या माणसात हे ठिपके दिसले तर विचार एका दिशेला जातो, आणि तसेच ठिपके पंचविशीच्या मुलीत दिसले जिची एका डोळ्याची नजर मधे काही दिवस अंधुक झाली होती, तर विचार पूर्ण दुसऱ्या दिशेला जातो, मग पुढच्या तपासण्या वेगळ्या. चित्र तेच, माणूस वेगळा. रेडिऑलॉजिस्टकडे माणूस नाही, म्हणून तो म्हणतो की ज्याच्यासमोर माणूस बसलाय त्याने जुळवा. लपवाछपवी कसली नाही त्यात. काही सापडलं असं ठामपणे वाटलं तर ते इम्प्रेशनमध्ये, म्हणजे रिपोर्टच्या निष्कर्षात, सरळ लिहितात, आणि फारच तातडीचं असलं तर बऱ्याचदा पाठवणाऱ्या डॉक्टरला फोनच जातो.

मग मी विचारलं, आबा चक्कर नेमकी कधी येते? तर म्हणाले, रात्री अंथरुणात उजव्या कुशीवर वळलं की घर फिरतं, आणि बागेत मांडवाखाली मान वर करून काडी बांधायला गेलं की. किती वेळ? "मिनिटभर बी नसंल, पण तेवढ्यात जीव जातो." ऐकायला कमी येतं का, बोलताना जीभ जड होते का, एकाचे दोन दिसतात का, चालताना एका बाजूला झोक जातो का, सगळ्याला नाही. बीपीची गोळी? यावर गप्प. छाटणीच्या गडबडीत संपली होती, बरं वाटत होतं म्हणून परत आणली नाही. हे सगळं मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि म्हटलं आत गेल्यावर रिपोर्टच्या आधी हा कागद द्या, गोळीचं लपवू नका. एमआरआयच्या चिठ्ठीवर यातलं काहीच गेलेलं नव्हतं.

दुपारी डॉक्टरांनी जे केलं तेच ते कोरिलेशन. बीपी मोजलं, १६८/९६ आलं. मग आबांना तपासायच्या टेबलावर बसवून मान उजवीकडे ४५ अंश वळवली आणि पटकन मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली जरासं झुकतं ठेवून डोळ्यांकडे बघत राहिले. दोनचार सेकंद काहीच नाही, मग घर फिरायला लागलं, डोळे आपोआप थरथरायला लागले आणि अर्ध्या मिनिटात थांबले. आतल्या कानात कॅल्शियमचे अगदी सूक्ष्म कण असतात, ते जागा सोडून शेजारच्या नळीत शिरले की मान वळवताना अशी चक्कर येते. नेहमीच्या एमआरआयमध्ये हे कण दिसत नाहीत. म्हणजे रिपोर्टमध्ये तातडीचं काही नाही ही गोष्ट खरी आणि चक्कर येते ही गोष्टही खरी, दोन्हींत भांडण नाही. अशाच वेळी घरची माणसं "रिपोर्ट क्लिअर आहे, तुमच्या मनाचे खेळ आहेत" म्हणतात आणि पेशंट नीट तपासून घ्यायचंच सोडून देतो, हे मी फार बघितलंय.

मान ठरावीक क्रमाने फिरवून ते कण परत जागेवर न्यायची एक पद्धत आहे, ती तिथल्या तिथे केली. पुढच्या आठवड्यात आबा परत आले तेव्हा थोडी चक्कर राहिली होती, परत एकदा केल्यावर गेली. ही चक्कर काही जणांना पुन्हा येते हे डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, त्यामुळे परत आली तर लगेच सातबारा काढायचा नाही असं मी हसत म्हटलं. ठिपक्यांसाठी वेगळं औषध दिलं नाही, बीपीची गोळी परत सुरू, शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासायला सांगितलं, तंबाखू बंद.

एक गोष्ट मात्र मी त्यांना दोनदा सांगितली आणि मुलालाही सांगितली. एमआरआय ज्या दिवशी काढला त्या दिवसाचं सांगतो. मेंदूच्या मागच्या भागातला लकव्याचा बारीक झटका पहिल्या एकदोन दिवसांत कधीकधी डिफ्युजनमध्येही दिसत नाही. त्यामुळे नो अक्यूट लिहिलेला रिपोर्ट खिशात असला तरी चक्करेसोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, एकाचे दोन दिसले किंवा उभंच राहता येईना तर रिपोर्ट वाचत बसायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलला, त्याच तासाला.

आबांनी जाताना विचारलं की आता हे एवढं मोठं फिल्मचं पाकीट टाकून देऊ का, घरात जागा अडते. अजिबात नाही म्हटलं. फिल्म आणि सीडी दोन्ही जपून ठेवायचं, ओल लागू द्यायची नाही, आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर फक्त रिपोर्ट न नेता हे पाकीट घेऊन जायचं, कारण ते ठिपके होते तेवढेच आहेत की वाढलेत हे जुनी चित्रं शेजारी ठेवूनच ठरतं, आणि सेंटरच्या चिठ्ठीवर हिस्ट्रीच्या जागी बीपी किती वर्षं आहे तेही डॉक्टरांना लिहायला सांगायचं.