अनेक पानांवर पसरलेला स्कॅन तक्ता: पानाच्या सांध्यावर तुटलेल्या नोंदी कशा जोडायच्या?

प्रश्न: माझ्याकडे साठा नोंदवहीची ६० पानी स्कॅन पीडीएफ आहे. एकच तक्ता सगळ्या पानांवर चालू राहतो, दर पानावर हेडर पुन्हा येतं आणि काही नोंदी अर्ध्या या पानावर, अर्ध्या पुढच्या पानावर आहेत. ओसीआर केल्यावर एक्सेलमध्ये सगळा गोंधळ होतो. पायथॉन थोडंफार येतं. एकसंध तक्ता कसा मिळवायचा?

उत्तर:

पाठोपाठ येणारं हेडर बहुतेकजण आधी उडवून टाकतात. तेवढं करू नका. स्कॅन करताना प्रत्येक पान थोडं सरकतं, त्यामुळे पहिल्या पानावरच्या रकान्यांच्या सीमा चौथ्या पानावर चुकतात आणि ‘आवक’चा आकडा ‘जावक’मध्ये जाऊन बसतो. त्या पानावर रकाने नेमके कुठे आहेत हे त्याच पानाचं हेडर सांगतं. म्हणून आधी हेडरमधल्या शब्दांच्या जागा वाचायच्या, त्यावरून त्या पानाच्या सीमा ठरवायच्या आणि मगच ती ओळ काढायची. पीडीएफचं प्रत्येक पान आधी वेगळं पीएनजी चित्र म्हणून काढा, आणि शब्दांच्या जागा हव्यात म्हणून ओसीआरचा साधा मजकूर न घेता टीएसव्ही घ्या:

```
tesseract pan-004.png pan-004 -l mar+eng --psm 6 tsv
```

यात प्रत्येक शब्दासोबत `left`, `top`, `width`, `height` मिळतात. पान तिरकं असेल तर हे करण्याआधी सरळ करून घ्या, नाहीतर एकाच ओळीतले शब्द वेगवेगळ्या उंचीवर सापडतील.

हेडर ओळखताना शब्दाला शब्द जुळवू नका, कारण ओसीआर दर पानावर ते थोडं वेगळं वाचतं. `rapidfuzz` मधल्या `fuzz.ratio` ने साम्य मोजा. शंभरपैकी ७५ च्या आसपासची मर्यादा सुरुवातीला ठेवा आणि आपल्या पानांवर तपासून कमीजास्त करा. मात्र शोध पानाच्या वरच्या भागापुरताच ठेवा. ‘मागील शिल्लक’सारखी खरी नोंद हेडर समजून गळायला नको.

हेडरबरोबर पान क्रमांक आणि ‘पुढील पानावर’, ‘मागील पानावरून’ असल्या ओळीही बाजूला काढा, पण फेकू नका. त्यातले आकडे पुढे पडताळणीला लागतात. हे सगळं जोडणीच्या आधी व्हायला हवं, कारण तुटलेल्या नोंदीचे दोन तुकडे आणि मधल्या या ओळी यांची सरमिसळ असेपर्यंत तुकडे एकमेकांना भेटतच नाहीत.

आता सांधा. समजा तिसऱ्या पानाच्या तळाशी आणि चौथ्याच्या सुरुवातीला हे आहे:

| क्र. | तारीख | तपशील | आवक | जावक | शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| ४७ | १२/०८ | तांब्याची तार, जाड, | ४० | | ३१० |
| *(पान ४)* | | दुसऱ्या खेपेतील उर्वरित | | | |
| ४८ | १३/०८ | तांब्याची तार, जाड | | २५ | २८५ |

चौथ्या पानावरच्या पहिल्या ओळीत फक्त तपशील आहे. क्रमांकही नाही, शिल्लकही नाही. म्हणजे ती ४७ व्या नोंदीचीच शेपटी. नियम असा: पानाच्या सुरुवातीला क्रमांक आणि शिल्लक दोन्ही रिकामे असलेल्या ओळी मागच्या पानाच्या शेवटच्या नोंदीला जोडायच्या.

```python
def jod(aadhi, pan):
    while aadhi and pan and not pan[0]["kr"] and not pan[0]["shillak"]:
        aadhi[-1]["tapshil"] += " " + pan[0]["tapshil"]
        aadhi[-1]["jodleli"] = True
        pan = pan[1:]
    return aadhi + pan
```

‘क्रमांक रिकामा’ एवढ्याच खुणेवर विसंबू नका. अरुंद रकान्यातला एकटा आकडा ओसीआरकडून अनेकदा गळतो. तेव्हा ४८ वी नोंदही ‘क्रमांक नसलेली’ दिसेल आणि ४७ मध्ये विरघळून जाईल. तिच्यात शिल्लक भरलेली असते, म्हणून दुसरी अट तिला वाचवते. अशा नोंदीचा क्रमांकाचा चौकोन कापून `--psm 7` ने पुन्हा वाचून पाहा.

याहून फसवी परिस्थिती वेगळी आहे. काही तक्त्यांत क्रमांक आणि आकडे नोंदीच्या वरच्या ओळीत नसून मध्यावर किंवा तळाशी छापलेले असतात. मग सातव्या पानाच्या तळाशी नुसतं ‘लाकडी फळ्या, लांब,’ दिसतं आणि आठव्या पानावर ‘११२ | ०३/०९ | गोदाम दोनमधून | ६० | | ४१८’. वरचा कोड सांध्यावर काहीच करणार नाही, आणि पानाच्या आतल्या ओळी त्याच नियमाने गोळा केल्या असतील तर ‘लाकडी फळ्या, लांब,’ हे १११ व्या नोंदीला चिकटेल. बेरीज-वजाबाकी बरोबर येईल, क्रमांकही सलग असतील, फक्त दोन नोंदींचा तपशील चुकीचा असेल. म्हणूनच ही चूक शेवटपर्यंत लपून राहते.

यावर उपाय म्हणजे कोड लिहिण्याआधी पानाच्या मधोमध असलेल्या, न तुटलेल्या दोनतीन-ओळी नोंदी डोळ्यांनी पाहा. क्रमांक पहिल्या ओळीशी असेल तर वरचा नियम चालेल. नसेल, तर ओळी क्रमांकावरून न गोळा करता आडव्या रेघांवरून गोळा करा. ओपनसीव्हीमध्ये आधी चित्र कागद काळा आणि रेघा पांढऱ्या असं उलटं करून घ्या, मग लांब, आडव्या कर्नलने `cv2.MORPH_OPEN` चालवलं की रेघा वेगळ्या निघतात. १११ च्या खाली रेघ असेल, तर त्याखालचा तुकडा ११२ चा. रेघा नसतील तर ओळींमधलं अंतर मोजा. बहुतेक छापील तक्त्यांत नोंदीच्या आतल्या ओळी दोन नोंदींमधल्या अंतरापेक्षा जवळ असतात. पानाच्या अगदी शेवटच्या रेघेवर मात्र भरवसा नको. नोंद अर्धी राहिली तरी पुष्कळ छपाईत तक्त्याची चौकट तिथे बंद केलेली असते.

जोडून झाल्यावर क्रमांक सलग आहेत का ते पाहा आणि शिल्लक पुन्हा मोजा: मागची शिल्लक + आवक − जावक. वरच्या उदाहरणात ३१० − २५ = २८५, जुळलं. जिथे जुळत नाही तिथे एकतर आकडा चुकीचा वाचला गेलाय किंवा नोंद गायब आहे. बाजूला काढलेल्या ‘पुढील पानावर’च्या आकड्याशी त्या पानाची शेवटची शिल्लक ताडली की चूक कोणत्या पानावर आहे ते कळतं. देवनागरी अंकांसाठी वेगळं रूपांतर लागत नाही. पायथॉनचं `int("४७")` थेट 47 देतं.

तपशिलाची चूक गणित पकडत नाही, त्यासाठी नजरच हवी. पण ६० पानांत सांधे ५९ च असतात. प्रत्येक पानाचा तळाचा पट्टा आणि पुढच्या पानाचा वरचा पट्टा कापून एकाखाली एक चिकटवा, शेजारी जोडलेली नोंद ठेवा आणि फक्त तेवढं वाचा. `jodleli` खूण नसलेले सांधेही यात घ्या, कारण फळ्यांसारखी चूक नेमकी तिथेच असते. प्रत्येक नोंदीसोबत पान क्रमांक आणि `top` साठवून ठेवलेत तर पुढे कधी शंका आली तरी मूळ स्कॅनवरची जागा लगेच सापडेल.